फॉर्मचा स्कोअर दोनदा वेगळा का आला? टेस्ट-रिटेस्ट, स्प्लिट-हाफ आणि अल्फा, सहा मुलांच्या उदाहरणासह

माझी मावसबहीण इंदापूरला बी.एड. करते. कृतिसंशोधनासाठी तिने 'मोबाईलची सवय' यावर गुगल फॉर्म बनवला आणि बारामती-इंदापूरच्या अकरावीच्या मुलांकडून भरून घेतला. एका शाळेत तो स्कोअर बघून ठरलं की बारापेक्षा जास्त गुण असलेल्या मुलांच्या पालकांना बोलवायचं. तेव्हा तिचा मला फोन आला, "दादा, यादी द्यायचीय, पण दिवाळीनंतर तोच फॉर्म परत भरून घेतला तर नावंच बदलली. माझं शीट चुकलंय का?"

शीट थोडं चुकलं होतं, पण नावं बदलण्याचं कारण वेगळं होतं. ते शोधताना विश्वसनीयता मोजायच्या तिन्ही पद्धती वापराव्या लागल्या, म्हणून त्याच उदाहरणावर लिहितोय. आकडे सोपे राहावेत म्हणून इथे फक्त सहा मुलं आणि चार प्रश्न घेतलेत.

विश्वसनीयता म्हणजे मोजमाप किती स्थिर आहे ते. वजनकाट्यावर एकच गोणी तीनदा ठेवली आणि तीन वेगळी वजनं आली, तर काटा भरवशाचा नाही. तीनही वेळा सारखंच पण दोन किलो जास्त आलं, तर काटा विश्वसनीय आहे, फक्त चुकीचा आहे. बरोबर गोष्ट मोजली जातेय का, हा सप्रमाणतेचा प्रश्न. तो आज बाजूला ठेवू.

फॉर्ममधली चार विधानं अशी होती. प्रत्येकाला १ (अजिबात नाही) ते ५ (नेहमी) यातला एक आकडा द्यायचा:

१. झोपायची वेळ झाली तरी मी मोबाईल बघत राहतो/राहते.
२. अभ्यास करताना मध्येमध्ये मोबाईल उघडतो/उघडते.
३. मोबाईल घरी विसरला तरी माझा दिवस आरामात जातो.
४. ठरवलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ मोबाईलवर जातो.

आधी अल्फा, कारण चूक तिथेच सापडली

एकाच वेळी भरलेल्या फॉर्मवरून विश्वसनीयता काढायची असेल, तर बघायचं की सगळे प्रश्न एकाच दिशेने बोलतात का. याला अंतर्गत सुसंगतता म्हणतात. तिचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा आकडा म्हणजे क्रोनबॅक अल्फा. ली क्रोनबॅक यांच्या १९५१ च्या लेखामुळे हे नाव पडलं. बरोबर-चूक अशी दोनच उत्तरं असतील तर त्याचंच आधीचं रूप, १९३७ चं कुडर-रिचर्डसन सूत्र २०, वापरतात.

कल्पना साधी आहे. प्रश्न एकमेकांशी जुळत असतील, तर एका प्रश्नात जास्त गुण घेणारा बाकीच्यांतही जास्त घेतो, आणि त्यामुळे एकूण गुण मुलामुलांत खूप पसरतात. प्रश्न जुळत नसतील तर एकमेकांचे गुण खातात आणि एकूण गुण मधेच गोळा होतात. म्हणून अल्फा एकूण गुणांच्या पसाऱ्याची तुलना सुट्या प्रश्नांच्या पसाऱ्यांच्या बेरजेशी करतो.

बहिणीच्या शीटमधून मी पहिल्यांदा काढला तेव्हा अल्फा आला ०.२५. इतका कमी अल्फा दिसला की माझा पहिला संशय उलट्या विधानावर जातो. इथे तिसरं विधान उलटं आहे. मोबाईलशिवाय आरामात राहणाऱ्याला ५ मिळतात, म्हणजे सवय कमी आणि गुण जास्त! असं विधान मुद्दाम घालतात, न वाचता सगळीकडे ५ दाबणारे पकडायला. पण बेरजेआधी त्याचे गुण उलटवावे लागतात: ६ मधून उत्तर वजा करायचं. तेच राहिलं होतं. उलटवल्यावरचा तक्ता:

| मूल | प्र.१ | प्र.२ | प्र.३ | प्र.४ | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| अ | ५ | ४ | ५ | ४ | १८ |
| ब | ४ | ५ | ३ | ४ | १६ |
| क | ४ | ३ | ४ | ५ | १६ |
| ड | २ | ३ | ३ | २ | १० |
| इ | २ | २ | १ | २ | ७ |
| फ | १ | १ | २ | १ | ५ |

आता हाताने करून बघा. प्रत्येक प्रश्नाची सरासरी ३ आहे. सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग करून बेरीज घेतली तर चार प्रश्नांची अनुक्रमे १२, १०, १०, १२ येते, मिळून ४४. एकूण गुणांची सरासरी १२. तिथे फरक ६, ४, ४, −२, −५, −७ आणि वर्गांची बेरीज १४६. (विचरण काढायला दोन्हींना सारख्याच आकड्याने भागावं लागतं, म्हणून गुणोत्तरात तो आकडा कटतो.) मग ४४ भागिले १४६ म्हणजे ०.३०, १ मधून वजा केले की ०.७०. प्रश्न चार असल्यामुळे त्याला ४/३ ने गुणायचं. अल्फा ०.९३.

उलटवण्याआधी वरचे ४४ तसेच होते, पण एकूण गुणांची बेरीज १४६ ऐवजी फक्त ५४ होती. तिसरा प्रश्न बाकीच्यांना खात होता तो असा.

मोबाईलवरच्या गुगल शीट्समध्ये, B ते E या रकान्यांत चार प्रश्न आणि F मध्ये एकूण असतील तर:

```
=(4/3)*(1-(VAR(B2:B7)+VAR(C2:C7)
 +VAR(D2:D7)+VAR(E2:E7))/VAR(F2:F7))
```

अल्फा जास्त आला की खूश व्हायची घाई नको. 'मी मोबाईल खूप वापरतो', 'माझा मोबाईलचा वापर फार आहे', 'मी सतत मोबाईल वापरतो' असे तीन प्रश्न टाकले तरी अल्फा झकास येईल, पण विचारलं एकदाच. शिवाय प्रश्न वाढवले की अल्फा आपोआप चढतो. चार प्रश्नांवर ०.९३ हे मला थोडं जास्तच गोड वाटतं, आणि त्यात सहाच मुलं असण्याचा मोठा हात आहे. तुलनेसाठी: कोरियात तयार झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्मार्टफोन ॲडिक्शन स्केलच्या छोट्या आवृत्तीत दहा प्रश्न आहेत आणि तिचा अल्फा ०.९१ नोंदवलाय.

स्प्लिट-हाफ

बी.एड.च्या पुस्तकात हिला अर्धविच्छेद पद्धती म्हणतात. एकच फॉर्म दोन भागांत तोडायचा आणि दोन अर्ध्यांच्या गुणांचा सहसंबंध काढायचा. सहसा विषम आणि सम प्रश्न असे भाग करतात, म्हणजे शेवटी आलेला कंटाळा दोन्हीकडे सारखा वाटला जातो.

आपल्याकडे प्रश्न १ व ३ चे गुण १०, ७, ८, ५, ३, ३ आणि प्रश्न २ व ४ चे ८, ९, ८, ५, ४, २. सहसंबंध ०.८७. पण हा दोन प्रश्नांच्या फॉर्मचा आकडा झाला, आपला फॉर्म चारचा आहे. छोटं मोजमाप जास्त डगमगतं, म्हणून स्पिअरमन आणि ब्राऊन या दोघांनी १९१० मध्ये स्वतंत्रपणे दिलेली दुरुस्ती लावतात: दुप्पट सहसंबंध भागिले एक अधिक सहसंबंध. १.७४ भागिले १.८७, म्हणजे ०.९३.

अडचण अशी की भाग कसे पाडले यावर उत्तर बदलतं. १ व ४ एका बाजूला आणि २ व ३ दुसऱ्या बाजूला घेतले तर ०.९४ येतं. इथे फरक किरकोळ आहे, मोठ्या फॉर्ममध्ये तो खटकण्याइतका होऊ शकतो. अल्फा सगळे प्रश्न एकदम घेतो, त्यामुळे हा वाद उरत नाही. म्हणून मी स्प्लिट-हाफ क्वचितच वापरतो. आणि वेळेच्या घाईत सोडवायच्या पेपरला तर ही पद्धत लावूच नये: शेवटचे प्रश्न कोणीच सोडवलेले नसतात, दोन्ही अर्ध्यांत सारखीच शून्यं पडतात आणि सहसंबंध खोटा फुगतो.

टेस्ट-रिटेस्ट: जिथे यादी बदलली

वरच्या दोन्ही पद्धती एकाच दिवसाचा फोटो बघतात. पुढच्या पंधरवड्यात तोच मुलगा तेच उत्तर देईल का, हे त्यांना कळूच शकत नाही. त्यासाठी तोच फॉर्म त्याच मुलांना परत द्यायचा आणि दोन वेळच्या एकूण गुणांचा सहसंबंध काढायचा:

```
=CORREL(F2:F7,G2:G7)
```

| मूल | दिवाळीआधी | दिवाळीनंतर |
|---|---|---|
| अ | १८ | १३ |
| ब | १६ | १७ |
| क | १६ | ११ |
| ड | १० | १३ |
| इ | ७ | ६ |
| फ | ५ | १२ |

सहसंबंध आला ०.५२. अल्फा ०.९३ आणि हा ०.५२! बहिणीला वाटलं पुन्हा काहीतरी चुकलं. चुकलं नव्हतं. दिवाळीआधी बारापेक्षा वर अ, ब, क होते. दिवाळीनंतर अ, ब, ड.

आता प्रश्न असा की फॉर्म डगमगला की मुलंच बदलली? हा आकडा ते सांगत नाही, मुलांनाच विचारावं लागतं. फ ला दिवाळीत मोठ्या भावाचा जुना फोन मिळाला होता. क बारामतीला वसतिगृहात असतो; सुट्टीत घरी गेला तर आईने फोन कपाटात ठेवला. या दोघांच्या बाबतीत फॉर्मने खरा बदल टिपला असं मी म्हणेन. अ आणि ड ला मात्र काही सांगता आलं नाही. तो डगमगाट फॉर्मचा.

म्हणून दोन वेळांमधलं अंतर विचारपूर्वक ठरवावं लागतं. दोन दिवसांनी घेतलं तर मुलं जुनी उत्तरं आठवून भरतात आणि आकडा फुगतो. खूप उशिरा घेतलं तर आयुष्य बदलतं. दोन आठवडे बहुतेक वेळा ठीक, पण मध्ये दिवाळीची सुट्टी, परीक्षा असं काही नको. बहिणीची चूक झाली ती इथे.

अजून एक गोष्ट सहसंबंध लपवतो. दुसऱ्या वेळी प्रत्येकाचे गुण बरोबर तीनने वाढले असते तर सहसंबंध १ आला असता, कारण मुलामुलांमधली अंतरं तीच राहतात. पण बाराची रेघ ओलांडणारी मुलं वाढली असती. त्यामुळे सहसंबंधाबरोबर दोन्ही सरासऱ्या बघा. इथे दोन्ही १२ आहेत, म्हणजे सरसकट सरक नाही. आणि फ ला काढून पाच मुलांवर हिशोब केला तर ०.५२ चा ०.६७ होतो. एका मुलाने इतका फरक पडतो, म्हणून खऱ्या कामात सहा नाही, शंभरच्या आसपास तरी मुलं हवीत.

यादीचं काय?

यासाठी एकच आकडा उपयोगी पडला, मापनाची प्रमाण त्रुटी. एकूण गुणांचं प्रमाण विचलन ५.४. त्याला (१ वजा विश्वसनीयता) याच्या वर्गमुळाने गुणायचं. विश्वसनीयता ०.५२ धरली तर त्रुटी सुमारे ३.७. म्हणजे १० गुण मिळालेल्या ड चा खरा आकडा साधारण ६ ते १४ मध्ये कुठेही असू शकतो, आणि तोही अंदाज दर तीनपैकी दोन वेळाच बरोबर ठरणार. बाराची रेघ त्याच्या मधूनच जाते. अल्फाचा ०.९३ वापरला असता तर त्रुटी १.४ आली असती आणि ड रेघेच्या खाली सुरक्षित दिसला असता. पालकांना बोलवायचा निर्णय आजच्या नाही, पुढच्या काही महिन्यांच्या सवयीबद्दल असतो, म्हणून इथे रिटेस्टचाच आकडा धरायचा असं मी तिला सांगितलं.

तिने यादी दिली नाही. दोन्ही तक्ते आणि त्रुटीचा हिशोब घेऊन सरांकडे गेली. ते म्हणाले, "मग ब ला तरी बोलवू, तो दोन्ही वेळा वर आहे." त्यावर तिने आधी ब शी स्वतः बोलायची परवानगी मागून घेतली. नवा फॉर्म आता आठ विधानांचा आहे, तिसऱ्या विधानासाठी वेगळ्या रकान्यात `=6-D2` आधीच भरलेलं आहे, आणि दुसरी फेरी सहामाहीच्या आधी, मध्ये सुट्टी न येता होणार आहे.