सूत्रातला ५० आला कुठून? रक्तपेशी मोजणाऱ्या काचेचा इतिहास

१/ रक्ताच्या अहवालात ‘एकूण पांढऱ्या पेशी ८,००० प्रति घन मिमी’ असे लिहिलेले असते. हाताने मोजणी होई तेव्हा तंत्रज्ञाने प्रत्यक्ष पाहिलेल्या पेशी असत जेमतेम १६०. उरलेले काम ५० हा गुणक करी.

२/ १८५२ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल फिअरॉर्ट यांनी बारीक नळीत मोजून घेतलेले रक्त काचेवर पसरले आणि पेशी एकेक करून मोजल्या. ही पद्धत अतिशय कष्टाची होती. पुढे फ्रान्समध्ये मालासे आणि जर्मनीत थोमा यांनी ठरावीक खोलीचा, रेषा आखलेला काचेचा कक्ष आणला.

३/ पहिली अडचण तांबड्या पेशींची. एका पांढऱ्या पेशीमागे त्या सहाशे-सातशे असतात. व्हिएन्नाच्या ट्युर्क यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रवातले सौम्य ॲसेटिक आम्ल तांबड्या पेशी फोडते आणि जेन्शियन व्हायोलेट पांढऱ्या पेशींची केंद्रके रंगवते. मात्र केंद्रक असलेल्या अपक्व तांबड्या पेशी रक्तात असतील, तर त्याही मोजल्या जातात आणि आकडा फुगतो.

४/ थोमा पिपेटमध्ये रक्त ०.५ खुणेपर्यंत व द्रव ११ पर्यंत ओढतात. तरीही विरलन २२ पट होत नाही, २० पटच होते. कारण नळीतला शेवटचा १ भाग द्रव फुग्यातल्या रक्तात मिसळतच नाही. म्हणूनच कक्ष भरण्यापूर्वी पहिले काही थेंब टाकून देतात.

५/ नॉयबाउअर आखणीत चार कोपऱ्यांतले चौरस प्रत्येकी १ चौरस मिमीचे असतात आणि खोली ०.१ मिमी असते. म्हणजे मोजलेले आकारमान ४ × ०.१ = ०.४ घन मिमी.

६/ समजा, चार चौरसांत ३६, ४२, ३८ आणि ४४ पेशी दिसल्या. बेरीज १६०.

१६० × २० ÷ ०.४ = ८,०००

२० ला ०.४ ने भागले की ५०. आपला गुणक तो हाच.

७/ या ५० चा सगळा भार त्या ०.१ मिमीवर आहे. धुळीच्या कणामुळे कव्हरस्लिप ०.०२ मिमी वर राहिली, तर त्याच रक्तात १९२ पेशी दिसतील आणि उत्तर ९,६०० येईल. काच नीट बसली की आधारकड्यांवर इंद्रधनुषी पट्टे दिसतात. ते दिसेपर्यंत कक्ष भरू नये.

८/ सगळे बिनचूक केले तरी योगायोग उरतोच. १९०७ मध्ये डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहातील विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने नेमका हाच प्रश्न सोडवला. त्यांच्या कक्षात यीस्टच्या पेशी होत्या. एकूण मोजणी १६० असेल, तर प्रमाण विचलन १६० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १३.

९/ याचा अर्थ, ८,००० हे उत्तर निव्वळ योगायोगाने ६,७०० ते ९,३०० च्या दरम्यान कुठेही हलू शकते. काल ८,००० आणि आज ९,००० आले, एवढ्यावरून रुग्णाचा संसर्ग वाढला असे म्हणता येत नाही. हा संशय कमी करायचा असेल, तर अधिक चौरस मोजावे लागतात.