आधी नाव ‘क्लिक’, मग तांबं

आजची गोष्ट दोन रेणू जोडण्याची. एकाच्या टोकाला अझाइड, म्हणजे ओळीत तीन नायट्रोजन. दुसऱ्याच्या टोकाला अल्काइन, म्हणजे तिहेरी बंधाने बांधलेले दोन कार्बन. या पाच अणूंचं कडं जुळलं की झालं ट्रायझोल. एकही अणू वाया जात नाही.

१९६०च्या दशकात म्युनिकच्या रोल्फ ह्युसगेन यांनी अशा अभिक्रियांचा सखोल अभ्यास केला. पण यात तापवावं लागायचं, आणि अल्काइन सुलट-उलट दोन्ही बाजूंनी जोडलं जायचं. हाती यायचं दोन ट्रायझोलचं मिश्रण.

२००१ मध्ये बॅरी शार्पलेस आणि सहकाऱ्यांनी ‘क्लिक केमिस्ट्री’ हे नाव मांडलं. सीटबेल्टच्या बकलासारखी खटकन आणि पक्की बसेल, पाण्यातही चालेल, कचरा करणार नाही, अशी जोडणी त्यांना हवी होती. म्हणजे नाव एका अभिक्रियेचं नव्हतंच, ती अपेक्षांची यादी होती.

२००२ मध्ये डेन्मार्कचे मॉर्टेन मेल्डाल आणि शार्पलेस यांच्या गटांना, वेगवेगळे काम करताना, एकच उत्तर सापडलं: थोडंसं तांबं. आता साध्या तापमानाला, एकाच बाजूने, एकच ट्रायझोल! यादीत ही अभिक्रिया इतकी चपखल बसली की लोक तिलाच ‘क्लिक’ म्हणू लागले.

मात्र तांबं जिवंत पेशींना विषारी. तिथे कॅरोलिन बर्टोझींनी ताणलेल्या कड्यातलं अल्काइन वापरून तांब्याशिवाय काम साधलं. २०२२ चं नोबेल या तिघांना मिळालं.