नथनेलच्या कबरीपाशी केलेले भाषण

जर्मन धर्मशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ व धर्मोपदेशक फ्रीड्रिख श्लायरमाखर (१७६८–१८३४) याने आपल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या दफनप्रसंगी बर्लिन येथे १ नोव्हेंबर १८२९ रोजी केलेले छोटे भाषण. जन्मदात्याने स्वतःच्या लहान मुलाच्या अंत्यविधीत बोललेले शब्द सहसा टिकत नाहीत. ते ऐकणाऱ्यांच्या मनात राहतात आणि त्यांच्याबरोबर जातात. हे भाषण छापले गेले, त्यामुळे आजही ते सबंध वाचता येते. छापील पाने थोडीच आहेत, मोठ्याने सावकाश वाचले तरी पाव तासाच्या आसपास संपते.

श्लायरमाखर १८०९ पासून बर्लिनच्या ट्रिनिटी चर्चचा पाळक होता आणि १८१० मध्ये सुरू झालेल्या बर्लिन विद्यापीठात धर्मशास्त्राचा प्राध्यापक. तरुणपणी लिहिलेल्या धर्मविषयक व्याख्यानांमुळे (१७९९) त्याचे नाव झाले होते. आधुनिक प्रॉटेस्टंट धर्मविचाराचा इतिहास बहुधा त्याच्यापासून सुरू केला जातो. १८०९ मध्येच त्याने आपल्या दिवंगत मित्राची तरुण विधवा हेन्रिएट हिच्याशी विवाह केला. तिची पहिल्या विवाहाची दोन मुले आणि नंतर झालेल्या मुली असा घरचा गोतावळा होता. नथनेल हा त्याचा स्वतःचा एकुलता एक मुलगा. तो झाला तेव्हा बापाने पन्नाशी ओलांडलेली होती. २९ ऑक्टोबर १८२९ रोजी आजारात तो दगावला. दफनाच्या वेळी श्लायरमाखर एकसष्टीला टेकला होता.

जर्मनीतील ल्यूथरपंथीयांमध्ये अंत्यप्रवचनाची परंपरा जुनी आहे. सोळाव्या ते अठराव्या शतकात अशी प्रवचने मृताच्या चरित्रासह छापून आप्तेष्टांत वाटली जात आणि त्यांची लांबीही भरपूर असे. प्रवचन करी तो पाळक. शोकाकुल बाप समोरच्या बाकावर बसलेला असे. येथे दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे आल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांच्या कबरीवर जो बोलत आला, त्यालाच आता स्वतःच्या मुलाच्या शवपेटीपाशी उभे राहायचे होते. समोर मित्रमंडळी होती, तशीच मुलाच्या वर्गातली पोरे आणि त्याचे शिक्षकही होते. आपल्याकडे स्मशानात शोकसभा भरते ती बहुधा सार्वजनिक जीवनातल्या माणसासाठी, आणि तिथे बोलतात ते परिचित. लहान मूल गेलेल्या बापाने चार शब्द बोलावेत अशी कोणाची अपेक्षा नसते. म्हणून मराठी वाचकाला हा प्रसंग आधीच अनोळखी वाटतो.

सुरुवातीलाच तो जमलेल्यांना सांगतो की, वाऱ्याने हलणारा बोरू पाहायला तुम्ही आलेला नाहीत हे मी जाणतो. पण तुमच्यापुढे आहे ते एक जुने खोड, आभाळातून अवचित आलेल्या एका झोताने ते मोडून पडत नाही इतकेच. बोरूचा उल्लेख शुभवर्तमानातला आहे आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक होता. पुढे तो वीस वर्षांच्या सुखी संसाराबद्दल आणि त्याहून दीर्घ अशा धर्मसेवेबद्दल देवाचे आभार मानतो. आयुष्यावर काळे ढग येऊन गेले, ते श्रद्धेने आणि प्रेमाने निभावले, हेही सांगतो. मग, आपल्या आयुष्याला मुळापासून हादरवणारा हा पहिलाच घाव आहे, असे तो सरळ म्हणतो. आभार आणि हा कबुलीजबाब यांच्यामध्ये त्याने कोणताही पूल बांधलेला नाही.

मुलाच्या वर्णनात तो फार सावध आहे. गेलेले लेकरू बापाच्या तोंडून असामान्य, अलौकिक होऊ लागते आणि ऐकणाऱ्याला ते मूल दिसेनासे होते. या प्रकारच्या भाषणांचा घात बहुतेक वेळा इथेच होतो. श्लायरमाखर सांगतो की, मुलगा झाला तेव्हा त्याची पहिली प्रार्थना हीच होती की बापाच्या मायेपोटी या पोराकडून रास्त आहे त्याहून जास्त अपेक्षा आपल्या हातून होऊ नये. याच्याहून कितीतरी हुशार, चलाख मुले आहेत, त्यांच्याकडून जगाने अधिक मोठ्या आशा धराव्यात, आणि ती पुष्कळ असावीत यात मला आनंदच आहे, असे तो मुलाच्या वर्गसोबत्यांसमोर म्हणतो. नाव ठेवण्यामागचे कारणही त्याने दिले आहे. योहानाच्या शुभवर्तमानात नथनेल हा निष्कपट माणूस म्हणून येतो. आपला मुलगा तसा व्हावा एवढीच इच्छा होती आणि ती पुरी झाली. तो सगळ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून विश्वासाने पाहायचा, खोटेपणा त्याच्यात कधी आढळला नाही. शाळेत घातल्यावर शिक्षक रागवायचे हेही बाप लपवत नाही. ते रागावणे योग्य होते आणि मुलाने ते मनावर घेतले, असे सांगून तो पुढे जातो. शिक्षकांनी रागावलेला हा नऊ वर्षांचा मुलगा स्तुतीच्या दहा विशेषणांपेक्षा जास्त खरा वाटतो.

याच भागात एक वाक्य असे आहे की वाचणारा तिथे थबकतो. या मुलाचे शिक्षण पुरे होईपर्यंत आपण असणार नाही, हे मी स्वतःला वारंवार बजावत आलो, असे तो सांगतो. तेव्हा त्याच्या मनात स्वतःचे वय होते. घडले भलत्याच अर्थाने. आपल्या पश्चात आपले नाव, आपले स्नेही मुलाला आधार देतील अशी त्याने मनाची समजूत घातली होती. आता उरलेल्या आयुष्यातले सर्वांत महत्त्वाचे काम खोडून टाकले गेले, आणि त्या मुलावर ठेवलेल्या आशा याच पेटीबरोबर पुरल्या जाणार आहेत, असे तो म्हणतो.

भाषणाचे खरे वेगळेपण यानंतर येते. ज्यांनी सांत्वनाला येऊन काही ना काही सांगितले, त्यांना तो नाव न घेता जाहीर उत्तर देतो. पहिले सांत्वन असे की मूल लवकर गेले ते जगातल्या मोहांपासून आणि संकटांपासून सुटले. मराठी घरांतही मूल गेल्यावर ‘सुटला बिचारा’ हे शब्द कोणीतरी उच्चारतेच. श्लायरमाखर म्हणतो, हे माझ्या मनाला लागू पडत नाही. हे जग माझ्या दृष्टीने ख्रिस्ताच्या जीवनाने उजळलेले आहे. मग माझ्या मुलाला इथे देवाच्या कृपेने सांभाळले नसते, असे मी का धरून चालावे? दुसरे सांत्वन स्वर्गाच्या चित्रांचे: गेलेली आणि मागे उरलेली माणसे यांची सोबत कायमची आहे. ज्यांना त्याने धीर येतो त्यांना तो नावे ठेवत नाही. पण विचाराच्या काटेकोर धारेची ज्याला सवय झाली आहे, त्याच्यासाठी अशी प्रत्येक प्रतिमा हजार अनुत्तरित प्रश्न मागे ठेवते आणि तिच्यातला दिलासा विरून जातो, असे तो सांगतो. त्याच्या हाती उरतात ती पवित्र शास्त्रातली दोन विधाने: पुढे आपण काय होणार हे अजून प्रकट झालेले नाही, पण प्रभू जसा आहे तसा आपल्याला दिसेल, आणि आपल्या माणसांनी आपल्यापाशी असावे ही ख्रिस्ताची प्रार्थना. इतकेच त्याला प्रामाणिकपणे धरता येते, आणि पेटीसमोर उभे राहूनही तो त्यात भर घालत नाही.

हा संयम त्या दिवशी अचानक आलेला नाही. ख्रिस्ती श्रद्धेवरील त्याचा मुख्य ग्रंथ १८२१-२२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात मरणोत्तर अवस्थेविषयीच्या शिकवणीला त्याने इतर सिद्धान्तांइतकी निश्चिती दिलेली नाही. धर्मानुभवातून जे थेट मिळते त्याबद्दल ठाम बोलावे, आणि जे भविष्याविषयी आहे त्याची प्रतिमा ही प्रतिमा म्हणूनच ठेवावी, असा त्याचा रोख होता. ग्रंथात मांडलेला हा मुद्दा मुलाच्या कबरीवर तपासला गेला. अशाच प्रसंगी ल्यूथर काय बोलला, त्याच्याशी तुलना केली की फरक दिसतो. मार्टिन ल्यूथरची मुलगी माग्डालेना तेरा वर्षांची असताना २० सप्टेंबर १५४२ रोजी विटेनबर्ग येथे वारली. तिच्या पेटीपाशी तो काय बोलला हे त्याच्या भोवतालच्या लोकांनी टिपून ठेवले आहे. मन आनंदात आहे, शरीर मात्र रडते आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय. मुलगी कुठे गेली याविषयी ल्यूथरला शंका नव्हती, तिला सोडण्याचे दुःख तेवढे होते. श्लायरमाखरपाशी ती खात्रीची भूमी नाही. म्हणून त्याचे बोल कमी दिलासा देणारे आणि आजच्या वाचकाला अधिक जवळचे आहेत.

शेवटी तो श्रोत्यांकडे वळतो. कोणीही लवकरच हिरावले जाऊ शकते हे ध्यानात ठेवून एकमेकांवर प्रेम करा, हे तो आधी मुलांना सांगतो, मग आईबापांना, मग शिक्षकांना. मुलांना तो असाही शब्द देतो की या सल्ल्याने तुमच्या निर्मळ आनंदात काही कमी होणार नाही. कबरीभोवती उभ्या असलेल्या नऊ-दहा वर्षांच्या पोरांना मरणाची धास्ती घालून घरी पाठवायचे नाही, याचे भान त्याला त्या घडीलाही होते. समारोप प्रार्थनेचा आहे. देवाच्या सामर्थ्यापुढे नुसती मान तुकवणे, त्याच्या अगम्य ज्ञानाला नुसते शरण जाणे त्याला पुरेसे वाटत नाही. त्यामागचे पित्याचे प्रेम ओळखता यावे, अशी तो याचना करतो. ते ओळखता आले आहे, असा दावा मात्र कुठेही नाही.

सरावलेल्या वक्त्याचे हे भाषण आहे, हेही विसरता येत नाही. आभाराचा भाग व समारोप यांत व्यासपीठावरची घडण ऐकू येते आणि त्या काळच्या प्रवचनाचे काही ठरीव वळणही आहे. ज्याला बोलण्याचा सराव नाही असा बाप असे बोलू शकणार नाही. तरीही मुलाचे मोजके वर्णन आणि नाकारलेली दोन सांत्वने, हे दोन भाग वक्तृत्वाच्या जोरावर साधलेले नाहीत. तिथे तो आपल्याला जेवढे खरे वाटते तेवढेच बोलतो.

श्लायरमाखर त्यानंतर पुन्हा व्यासपीठावर आणि विद्यापीठात उभा राहिला. त्याच्या मुख्य ग्रंथाची सुधारलेली दुसरी आवृत्ती १८३०-३१ मध्ये निघाली आणि तीतही मरणोत्तर अवस्थेच्या प्रकरणाला त्याने पूर्वीसारखेच कमी निश्चितीचे स्थान दिले. १२ फेब्रुवारी १८३४ रोजी बर्लिन येथे त्याचे निधन झाले. भाषणाचे अल्बर्ट ब्लॅकवेल यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले.