बिल्डिंगच्या फोटोला नवं रूप देण्याआधी वायरी, गाड्या आणि शेजारचा पसारा कसा काढायचा?

आमच्या चार मजली सोसायटीला रंग द्यायचा होता. मी मोबाईलवर समोरून फोटो काढला आणि रिस्टाईल करणाऱ्या एका ॲपमध्ये टाकून तीन रंगसंगती करून घेतल्या. मीटिंगमध्ये एका काकांनी विचारलं, "ही तिसऱ्या मजल्यावरची तिरकी पट्टी प्लास्टरमध्ये काढायची का? तिचा खर्च कोटेशनमध्ये कुठंय?"

तिथे पट्टी नव्हतीच. खांबावरून येणारी केबलची वायर होती, तिची ॲपने पट्टी केली. खाली उभ्या असलेल्या गाडीचा तर चक्क ओटा झाला होता!

असं का होतं?

अशी बरीच टूल्स फोटोतल्या रेषा आणि कडा धरून नवं चित्र बनवतात. एखादी रेषा वायरीची आहे की सज्जाची, हे त्यांना दरवेळी कळतंच असं नाही. त्यामुळे नको ती वस्तू रिस्टाईलच्या आधीच काढायची. नंतर ती बिल्डिंगचाच भाग झालेली असते.

मी दुसऱ्यांदा सगळं स्नॅपसीडमध्ये केलं. क्रम महत्त्वाचा आहे: आधी मोठ्या वस्तू, मग बारीक.

१. गाड्या: पुसू नका, दुसरा फोटो घ्या

`Healing` टूल आजूबाजूचा तुकडा उचलून डागावर बसवतं. छोट्या डागाला हे चालतं. पण अख्खी गाडी पुसायला गेलात, तर भिंतीत अर्धी खिडकी उगवते.

गाडी हलते, बिल्डिंग हलत नाही. म्हणून मी समोरच्या कंपाउंडवर एकाच जागी मोबाईल टेकवून दोन फोटो काढले, एक सकाळी आणि एक गाडी गेल्यावर. दोन्ही वेळा ढगाळ होतं, हे बरं झालं. उन्हात सावल्या सरकतात आणि जोड लगेच दिसतो.

पहिला फोटो उघडून `Double Exposure` मध्ये दुसरा जोडला, खिडक्यांच्या कडा जुळवल्या आणि ओपॅसिटी पूर्ण केली. मग `View edits` मध्ये जाऊन त्या एडिटचा ब्रश घेतला आणि फक्त गाडीच्या जागेवर फिरवला. गाडीखालची काळी सावलीही झाकायची, नाहीतर ती खड्डा वाटते.

२. वायरी: तुकड्या-तुकड्याने

पूर्ण वायरीवर एकदम बोट फिरवू नका. माझी वायर आकाश, गच्चीचा कठडा आणि भिंत अशी तिन्हींवरून जात होती. आकाशातला भाग सोपा, दोन-तीन फटक्यांत गेला. भिंतीवर मात्र छोटे स्ट्रोक मारले. झूम केलं की ब्रश फोटोवर बारीक पडतो, म्हणून आधी भरपूर झूम करा.

खरी अडचण वायर कठड्याची कड ओलांडते तिथे येते. कडेपर्यंत आकाशाच्या बाजूने या, मग भिंतीच्या बाजूने या, आणि मधला ठिपका शेवटी एका टॅपने काढा. कड वाकडी झाली तर अनडू करून पुन्हा करा. वाकडी कड तशीच ठेवलीत तर रिस्टाईलमध्ये कठडा तुटका दिसतो.

३. शेजारचा पसारा

आधी क्रॉप करा. पण बिल्डिंगच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा राहू द्या, म्हणजे तिची बाहेरची कड स्पष्ट राहते. आमच्या शेजारची निळी ताडपत्री क्रॉप करूनही थोडी उरत होती आणि तिचा निळा रंग आमच्या भिंतीवर उतरत होता. ती पुसण्यापेक्षा `Selective` ने तिचं सॅच्युरेशन पूर्ण खाली आणलं. राखाडी झाल्यावर त्रास संपला.

साफ झालं का, कसं ओळखायचं?

फोटोची एक कॉपी घ्या आणि `Details` मध्ये `Structure` पूर्ण वाढवा. राहिलेली वायर, फासलेला डाग, दोनदा आलेली तीच वीट, सगळं उठून दिसतं. ही कॉपी फक्त तपासायला. रिस्टाईलला मूळ साफ फोटोच द्यायचा.

एक मर्यादा

`Healing` ने भरलेला भाग खरा नसतो, अंदाजाचा असतो. आमच्याकडे एक बंद पडलेली स्कूटर कधीच हलत नाही. ती पुसली तेव्हा मागचा मीटर बॉक्सही गायब झाला. शेवटी मी स्कूटर तशीच ठेवली आणि फोटो खालून थोडा कापला. रंग निवडायला एवढं पुरतं. पण कंत्राटदाराला माप किंवा काम समजावताना साफ केलेल्या फोटोसोबत मूळ फोटोही द्या. नाहीतर नसलेल्या पट्टीचा खर्च पुन्हा कुणीतरी विचारेल.