प्रसूतिज्वर आणि हात धुणे (व्हिएन्ना, १८४७)

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत येणारा, अनेकदा प्राणघातक ठरणारा ताप म्हणजे प्रसूतिज्वर. डॉक्टरांचे हात धुतल्याने तो टळतो, हे इग्नाझ सेमेलवाइस (१८१८–१८६५) या हंगेरियन प्रसूतितज्ज्ञांनी व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात आकडेवारीनिशी दाखवून दिले. त्यासाठी त्यांनी वापरलेला क्लोरीनयुक्त चुना आपल्याला परका नाही. महाराष्ट्रातल्या गावोगावी पिण्याच्या पाण्यात टाकली जाणारी टीसीएल पावडर त्याच जातीची.

या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात १८४० पासून वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात सुईणी. बायकांना ठरलेल्या वारांप्रमाणे आळीपाळीने एकेका विभागात दाखल केले जाई. त्यामुळे कोणती बाई कुठे जाणार हे तिच्या प्रकृतीवर अवलंबून नव्हते, आणि म्हणूनच दोन्ही विभागांची तुलना रास्त ठरली. १८४६ मध्ये पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणांत ४५९ माता दगावल्या, म्हणजे शेकडा ११.४. दुसऱ्या विभागात हेच प्रमाण शेकडा २.८ होते. शहरभर ही गोष्ट ठाऊक होती. पहिल्या विभागात जावे लागू नये म्हणून बायका हातापाया पडत. वाटेतच बाळंत होऊन येणाऱ्या बायकांना मात्र हा ताप क्वचितच येई.

हवा, गर्दी, ऋतू ही तेव्हाची प्रचलित कारणे दोन्ही विभागांना सारखीच लागू होती, म्हणून सेमेलवाइस यांनी ती एकेक करून बाद केली. प्रसूतीच्या वेळची कूस बदलून पाहिली. मरणासन्न रुग्णेसाठीच्या अखेरच्या धर्मविधीला घंटा वाजवत वॉर्डातून जाणाऱ्या पाद्र्याची वाटही बदलली. फरक पडला नाही. मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही, न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेचका वारले. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी त्यांना लागली होती. त्यांच्या शवात दिसलेले बदल प्रसूतिज्वराने गेलेल्या बायकांसारखेच होते. मग उलगडा झाला. विद्यार्थी सकाळी शवागारात प्रेते चिरत आणि तिथून येऊन त्याच हातांनी बायकांची आतून तपासणी करत. सुईणी शवविच्छेदन करत नसत.

साबणाने धुतलेल्या हातांना प्रेताचा वास येतच राही, आणि वास आहे म्हणजे कण आहेत, असा त्यांचा तर्क होता. वास घालवणारे द्रव्य म्हणून त्यांनी क्लोरीन निवडले. मेच्या मध्यापासून शवागारातून येणाऱ्या प्रत्येकाने क्लोरीनच्या पाण्यात हात धुवावेत असा नियम झाला. क्लोरीनचे पाणी महाग पडे, म्हणून पुढे क्लोरीनयुक्त चुन्याचे द्रावण आले. एप्रिलमध्ये शेकडा १८ वर गेलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये शेकडा २.२, तर जुलैत १.२ वर आले.

ऑक्टोबरमध्ये या नियमातली उणीव उघड झाली. गर्भाशयाच्या कर्करोगाने स्राव होत असलेली एक रुग्णा पहिल्या खाटेवर होती. तिला तपासल्यावर डॉक्टरांनी साबणानेच हात धुतले आणि पुढच्या बायका तपासल्या. त्या खेपेच्या बारांपैकी अकरा जणी दगावल्या. म्हणजे विष फक्त प्रेतातून येते हे खरे नव्हते. जिवंत शरीरातला सडका स्रावही तितकाच घातक होता. त्यानंतर प्रत्येक रुग्णेगणिक क्लोरीनयुक्त चुन्याने हात धुणे सक्तीचे झाले. १८४८ मध्ये पहिल्या विभागात ३,५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू झाले आणि दोन्ही विभागांतला फरक जवळजवळ मिटला. माझ्या मते सारा शोध या ऑक्टोबरच्या घटनेत पक्का झाला, कारण इथे आधीचे स्पष्टीकरण अपुरे ठरले आणि ते दुरुस्त केले गेले.

तरीही वरिष्ठांनी हे मानले नाही. डॉक्टरच मृत्यू वाहून नेतो हा आरोप त्यांना झेपणारा नव्हता. शिवाय सडके कण नेमके काय करतात, हे सेमेलवाइस सांगू शकत नव्हते. जंतूंचे ज्ञान अजून यायचे होते. त्यांनी स्वतःही आपले सविस्तर पुस्तक १८६० च्या सुमारासच छापले. १३ ऑगस्ट १८६५ रोजी व्हिएन्नातल्या मनोरुग्णालयात त्यांचा अंत झाला.

त्याच्या आदल्याच दिवशी ग्लासगोत शल्यवैद्य जोसेफ लिस्टर यांनी जेम्स ग्रीनलीस या अकरा वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या पायाच्या उघड्या जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली. पाश्चर यांनी कुजण्याच्या क्रियेवर केलेल्या प्रयोगांवरून त्यांना हे सुचले होते. मुलाचा पाय वाचला. लिस्टर यांच्याच नोंदींनुसार, ही पद्धत येण्यापूर्वी अवयव कापण्याच्या ३५ शस्त्रक्रियांत १६ जण दगावले होते, तर नंतरच्या ४० मध्ये ६. हा गट लहान होता, आणि कार्बोलिकने शल्यवैद्यांच्या हातांची सालपटेही निघत. पुढे त्यांनी हवेत कार्बोलिकचा फवाराही मारून पाहिला, पण १८९० मध्ये बर्लिनच्या परिषदेत तो सोडून दिल्याचे सांगितले. तोवर जर्मनीत जंतू मारण्याऐवजी जखमेपर्यंत पोचूच द्यायचे नाहीत, या विचाराने पट्ट्या आणि अवजारे वाफेने निर्जंतुक करायला सुरुवात झाली होती.