उपचारांआधीचे आठवडे

मनोविकृतीचा पहिला झटका बहुधा सतरा-अठरा ते तिशीच्या दरम्यान येतो. नसलेले आवाज ऐकू येतात, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे अशी खात्री वाटू लागते. त्याआधी काही महिने झोप बिघडते, मित्र तुटतात, वर्गातले लक्ष उडते. घरचे याला आळस किंवा वयाचा परिणाम समजतात आणि आठवडे सरत राहतात.

हे आठवडे कमी करता येतील का, हे नॉर्वेतील रोगालांड जिल्ह्यात तपासले गेले. तेथे १९९३-९४ मध्ये निम्म्या रुग्णांना झटका सुरू झाल्यावर उपचार मिळेपर्यंत २६ आठवड्यांहून अधिक काळ लागत होता. १९९७ पासून वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या गेल्या आणि शिक्षकांना व डॉक्टरांना लक्षणे समजावून सांगण्यात आली. शिवाय एक शोधपथक नेमले. त्याला कोणीही, अगदी आई किंवा वर्गशिक्षकही, थेट फोन करू शकत असे. आता निम्मे रुग्ण ५ आठवड्यांच्या आत उपचारांपर्यंत पोचू लागले. मोहीम नसलेल्या ऑस्लो आणि डेन्मार्कमधील भागांत हाच आकडा १६ होता.

पुढे जाहिराती थांबल्या, पथक मात्र तसेच राहिले. तरीही आकडा पुन्हा १५ वर गेला! म्हणजे दार उघडे असणे पुरेसे नाही, ते कोठे आहे हे लोकांना सतत सांगावे लागते.

दहा वर्षांनी पाहिले तेव्हा मोहिमेच्या भागातील सुमारे ३१ टक्के रुग्ण पूर्ण सावरलेले होते, म्हणजे लक्षणांतून सुटून कामाला लागलेले आणि स्वतंत्र राहणारे. इतरत्र हे प्रमाण १५ टक्के होते. भास आणि भ्रमांत मात्र दोन्हीकडे फारसा फरक उरला नव्हता. शिवाय हे भाग चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, म्हणून सगळे श्रेय लवकर उपचारांना देता येत नाही.

औषधांबरोबर तेथे कुटुंबांचे गटही चालत. काही रुग्ण आणि त्यांचे घरचे दर पंधरवड्याला एकत्र बसत आणि प्रत्येक बैठकीत एकच अडचण घेत. समजा, मुलगा दुपारपर्यंत झोपतो आणि त्यावरून रोज भांडण होते. मग सगळे मिळून उपाय सुचवत, प्रत्येकाचे फायदे-तोटे मांडत. शेवटी मुलगाच एक उपाय निवडे, उदाहरणार्थ, दहा वाजता वडिलांबरोबर फेरफटका. पुढच्या बैठकीत त्याचा आढावा होई. मागे १९७६ मध्ये लंडनच्या संशोधकांना आढळले होते की सतत टीका किंवा अतिकाळजी होणाऱ्या घरांत आजार अधिक वेळा उलटतो. म्हणून ‘तो आळशी आहे’ याऐवजी ‘आजारामुळे त्याला उठणे जड जाते’ असे पाहायला घरचे शिकत. आजार घरच्यांमुळे होतो, असा याचा अर्थ नव्हे.

आपल्याकडेही १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारातच तंबूत राहायला बोलावले होते. वर्गातला एखादा मुलगा हळूहळू गप्प होत असेल, तर त्याच्या घरच्यांशी पहिल्यांदा बोलणारे बहुधा आपणच असू.