पात्याच्या धारेवरची हवा

हवा दिसत नाही, असे आपण शाळेत शिकलो. मीही कलाशाखेचा पदवीधर. तेच धरून चाललो होतो. पण पुण्यात आयुकाने हौशी लोकांसाठी दुर्बीण बनविण्याच्या कार्यशाळा घेतल्या, आणि असा आरसा हाताने घासणाऱ्या माणसाला हवा दिसते. तीही दाढीच्या साध्या पात्याने.

समजा, सहा इंची अंतर्गोल आरसा आहे. त्याच्या वक्रतेचे केंद्र आठ फुटांवर. तिथे सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दिवा सोडायचा. प्रकाश आरशावरून परतून छिद्राशेजारीच बिंदू होऊन जमतो. तो बिंदू पात्याच्या धारेने अर्धा कापायचा आणि पात्यामागे डोळा लावायचा. आरसा नेमका गोलाचा तुकडा असेल, तर सगळा एकसारखा करडा दिसतो. फ्रान्सच्या फूकोने 1858 मध्ये ही परीक्षा शोधली.

आता आरशापुढे हात धरा. बोटांवरून धुरासारख्या लहरी वर चढताना दिसतात. तो धूर नव्हे, हाताची ऊब.

हवा एक अंशाने तापली, की तिची प्रकाश वाकविण्याची शक्ती, म्हणजे अपवर्तनांक, साधारण दशलक्षांशाने घटते. तळहाताजवळची हवा तीनच अंशांनी गरम असली, तरी तिच्यातून जाणारा किरण आठ फुटांवर पोहोचेपर्यंत सुमारे केसाच्या जाडीएवढा सरकतो. इतके पुरते! पात्याकडे सरकलेला किरण अडतो, तिथे काळोख. विरुद्ध बाजूला सरकलेला निसटतो, तिथे उजेड. मात्र पाते उभे असेल, तर डावी-उजवीकडचे सरकणेच कळते. वर-खालचे पाहायला ते आडवे करावे लागते.

आरसा घासणाऱ्याला ही हवा म्हणजे वैताग. दिसलेला डाग काचेतला की हवेतला? हवेचा असेल तर तो हलतो, काचेचा जागीच राहतो. आरसा पाव फेरा फिरवला, की काचेचा डागही सोबत फिरतो. पण हातात धरून तापलेल्या काचेला तात्पुरता फुगवटा येतो, आणि तो अगदी खऱ्या दोषासारखा दिसतो. घाईत तोच घासून काढला, तर काच थंड झाल्यावर तिथे खड्डा उरतो. म्हणून पंखा बंद करून आरसा स्टँडवर निवू द्यायचा, मगच निकाल द्यायचा.

मेणबत्तीवरच्या तापल्या हवेचे असे निरीक्षण इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने सतराव्या शतकातच केले होते. पण हा वैताग हाच अभ्यासाचा विषय करणारा माणूस म्हणजे जर्मनीचा ऑगस्ट टोप्लर. 1864 मध्ये त्याने आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली आणि तिला 'श्लीरेन' म्हटले. काचेतल्या रेघोट्यांना जर्मनमध्ये हाच शब्द आहे. पुढे 1886 मध्ये माख आणि झाल्शर यांनी याच युक्तीने बंदुकीच्या गोळीपुढे धावणाऱ्या आघातलहरीचे छायाचित्र घेतले. तिथेही हवाच होती, आणि प्रकाश अर्धा अडविणारी तीच धार.